रंग आधी, जर्म ट्यूब नंतर

लघवीच्या रिपोर्टवर ‘यीस्ट पेशी आढळल्या’ एवढी एक ओळ लिहून अनेक छोट्या लॅब थांबतात. डॉक्टर फ्लुकोनाझोल सुरू करतात आणि पुष्कळदा ते लागूही पडतं. ज्या रुग्णाला ते लागू पडत नाही, त्याच्या बाबतीत आठवडाभराने प्रश्न उभा राहतो की ते यीस्ट नेमकं होतं तरी कोणतं? तोवर पहिला नमुना फेकून दिलेला असतो.

एके काळी या प्रश्नाला सरधोपट उत्तर होतं. माणसाच्या नमुन्यात यीस्ट निघालं, तर ते बहुतेक कँडिडा अल्बिकन्स असणार, असं धरून चालायचं. महाराष्ट्रातल्याच एका ग्रामीण रुग्णालयाच्या अनुभवाने हे गृहीतक मोडीत काढलं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या लोणी इथल्या प्रवरा वैद्यकीय संस्थेच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाने निरनिराळ्या नमुन्यांतून मिळालेल्या 523 कँडिडांचा अभ्यास केला. तो 2014 साली प्रसिद्ध झाला. त्यात अल्बिकन्सपेक्षा अल्बिकन्स नसलेल्या जातींची संख्या जास्त भरली आणि या जातींमध्ये फ्लुकोनाझोलच्या गटातल्या औषधांना दाद न देण्याचं प्रमाणही मोठं होतं. लोणीला येणारे रुग्ण खेड्यापाड्यांतले, शेतीवर जगणारे आहेत. म्हणजे हा केवळ महानगरांतल्या अतिदक्षता विभागांपुरता प्रश्न राहिलेला नाही.

हिंगोली जिल्ह्यात पुसेगावच्या रुग्णाला कल्चरसाठी आधी हिंगोली गाठावी लागते आणि आजार वाढला तर नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. यीस्टची जात काही मिनिटांत सांगणारी मॅल्डी-टॉफसारखी यंत्रं मोठ्या केंद्रांतच परवडतात. पण साधा इनक्युबेटर, फ्रीज आणि बरा मायक्रोस्कोप असलेल्या लॅबलाही नेहमीची यीस्ट ओळखता येतात. त्यासाठी तीन जुन्या, भरवशाच्या चाचण्या आहेत: जर्म ट्यूब, क्रोमोजेनिक अगार आणि कॉर्नमील अगार. पाठ्यपुस्तकांत त्या बहुधा याच क्रमाने येतात आणि लॅबमध्येही त्याच क्रमाने केल्या जातात. घोटाळा या क्रमातच आहे.

तो कसा होतो, हे एका उदाहरणावरून पाहू. समजा, पुसेगावच्या एका साठीतल्या बाईंना मधुमेह आहे. पाय मोडल्यामुळे त्या रुग्णालयात आहेत आणि दहा दिवसांपासून लघवीची नळी लावलेली आहे. ताप येतो म्हणून सोमवारी लघवी तपासायला पाठवली. थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवल्यावर पांढऱ्या पेशींबरोबर कळ्या फुटलेलं यीस्ट दिसलं. सॅबुरो अगारवर लावलेल्या प्लेटवर मंगळवारी मलईच्या रंगाच्या, गुळगुळीत कॉलनी आल्या. टेक्निशियनने दोन-तीन कॉलनी उचलून सीरममध्ये घातल्या, दोन तासांनी पाहिलं, जर्म ट्यूब दिसल्या. रिपोर्ट गेला: कँडिडा अल्बिकन्स.

यात एकही पायरी चुकलेली दिसत नाही. तरीही रिपोर्ट अर्धाच खरा असू शकतो. सॅबुरोवर अल्बिकन्स आणि ट्रॉपिकॅलिस यांच्या कॉलनी इतक्या सारख्या दिसतात, की दोन्ही मिसळून उगवल्या तर सरावलेल्या डोळ्यालाही कळत नाही. दोघांच्या पेशी एकत्र सीरममध्ये गेल्या, तर अल्बिकन्सच्या पेशी नळ्या काढतात आणि चाचणी पॉझिटिव्ह येते. दुसरं यीस्ट त्या पॉझिटिव्हच्या आड लपून जातं. नळी लावलेल्या, भरपूर अँटिबायोटिक घेतलेल्या रुग्णांत अशी सरमिसळ मुळीच दुर्मीळ नाही.

म्हणून थेंबात यीस्ट दिसताक्षणीच तोच नमुना सोमवारीच क्रोमोजेनिक अगारवरही लावावा. कँडिडाच्या जातींची एन्झाइम वेगवेगळी असतात. या अगारमध्ये अशी रसायनं घातलेली असतात, की ठरावीक एन्झाइमने ती फोडली की कॉलनीत ठरावीक रंग उतरतो. अल्बिकन्समध्ये हेक्झोसॅमिनिडेज नावाचं एन्झाइम जोरदार असतं, त्यामुळे ती हिरवी दिसते. फ्रँक ऑड्स आणि रिया बर्नार्ट्स यांनी 1994 साली क्रोमअगार कँडिडा या माध्यमाची परीक्षा प्रसिद्ध केली, तेव्हापासून ही पद्धत जगभर रुळली. मुंबईच्या हायमीडिया कंपनीचं हायक्रोम कँडिडा माध्यम आपल्याकडच्या लॅबमध्ये सहज मिळतं.

पावडरपासून प्लेट ओतणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. हे माध्यम फक्त उकळून विरघळवायचं असतं, ऑटोक्लेव्हमध्ये घालायचं नसतं. तयार प्लेट फ्रीजमध्ये, अंधारात ठेवायच्या, कारण उजेडाने रंगद्रव्यं खराब होतात. नमुना लावताना रेघा अशा विरळ करत न्याव्यात, की शेवटच्या भागात कॉलनी सुट्या मिळाल्या पाहिजेत. गर्दीत उगवलेल्या कॉलनींचा रंग एकमेकींत मिसळतो आणि मग या प्लेटचा सगळा फायदा वाया जातो.

रंग वाचण्याची घाई मात्र करू नये. चोवीस तासांनी बहुतेक कॉलनी फिकट असतात. अल्बिकन्सचा हिरवा रंग तेव्हा निळसर भासू शकतो आणि ट्रॉपिकॅलिसचा निळा धड निळाही नसतो. पूर्ण 48 तास झाल्यावर, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, दिवसाच्या उजेडात प्लेट पाहावी. आपल्या उदाहरणातली प्लेट बुधवारी उघडली, तर चित्र स्पष्ट होतं. बऱ्याच कॉलनी फिकट हिरव्या आणि गुळगुळीत आहेत. त्यांच्यामध्ये काही गडद निळ्या, धातूसारखी छटा असलेल्या आहेत आणि त्यांच्याभोवती अगारमध्येच जांभळट वलय पसरलं आहे. हिरवी बहुधा अल्बिकन्स, निळी बहुधा ट्रॉपिकॅलिस. मंगळवारच्या रिपोर्टमध्ये या दुसरीचा पत्ताच नव्हता.

‘बहुधा’ हा शब्द इथे मुद्दाम ठेवायचा आहे. हिरवा आणि निळा हे दोन रंग भरवशाचे आहेत. क्रुसेईही तशी ओळखू येते: तिची कॉलनी मोठी, कोरडी, पसरट, कडेला लवदार आणि गुलाबी किंवा जांभळट असते. पण उरलेल्या रंगांवर फार भिस्त ठेवता येत नाही. ग्लॅब्राटा एका कंपनीच्या माध्यमावर जांभळट-गुलाबी दिसते, तर दुसऱ्या कंपनीच्या माध्यमावर मलईसारखी पांढरी. पॅराप्सिलोसिसही पांढरट ते फिकट गुलाबी असते. त्यामुळे भिंतीवर रंगांचा तक्ता लावायचा तर तो आपण वापरतो त्याच माध्यमाचा लावावा. कंपनी बदलली, की जुना तक्ता उतरवावा.

आता जर्म ट्यूब करण्याची वेळ येते, पण ती एकाच रंगाच्या कॉलनीपासून. हिरवी एक आणि निळी एक अशा दोन सुट्या कॉलनी सॅबुरो अगारच्या वेगळ्या प्लेटवर बुधवारी काढाव्यात. गुरुवारी सकाळी दोन्हींची ताजी, शुद्ध वाढ हाताशी असते.

अल्बिकन्सच्या पेशी सीरममध्ये लांब धागे काढतात, हे रेनॉल्ड्स आणि ब्रॉडी यांनी 1956 साली नोंदवलं. त्यावर उभी राहिलेली ही चाचणी दिसायला इतकी सोपी आहे, की तिच्यात चुका नेमक्या त्या सोपेपणातून शिरतात. छोट्या ट्यूबमध्ये अर्धा मिली सीरम घ्यायचं. कॉलनीला लूपचं किंवा पाश्चर पिपेटचं टोक फक्त टेकवायचं आणि सीरममध्ये ढवळायचं. सीरम जेमतेम धूसर व्हावं, दुधाळ होऊ नये. पेशींची गर्दी झाली की अल्बिकन्ससुद्धा नळ्या काढत नाही किंवा फार थोड्या काढते. चाचणी निगेटिव्ह येण्यामागे ‘भरपूर घातलं म्हणजे चांगलं दिसेल’ ही समजूत अनेकदा असते.

ट्यूब 37 अंशांवर ठेवायची. सीरम नुकतंच फ्रीजमधून काढलेलं असेल तर ते कोमट व्हायलाच वेळ जातो, म्हणून आधी ते इनक्युबेटरच्या तापमानाला आणावं. दोन तासांनी एक थेंब स्लाइडवर घेऊन कव्हरस्लिप ठेवावी, कंडेन्सर खाली घेऊन उजेड कमी करावा, आधी 10च्या आणि मग 40च्या ऑब्जेक्टिव्हने पाहावं. नळ्या दिसल्या नाहीत तर तीन तासांनी पुन्हा पाहावं. तीन तासांनंतर मात्र थांबावं. ट्यूब इनक्युबेटरमध्ये ठेवून जेवायला गेलं आणि परत यायला उशीर झाला, तर त्या ट्यूबवरून काहीही लिहू नये, चाचणी नव्याने लावावी. कारण तीन तास उलटल्यावर ट्रॉपिकॅलिसही लांबट कोंब काढू लागते.

खरी जर्म ट्यूब आणि हा फसवा कोंब यांतला फरक त्याच्या मुळाशी पाहायचा असतो. जर्म ट्यूब मूळ पेशीतून सरळ बाहेर निघते. जिथून निघते तिथे ती चिमटलेली नसते आणि तिच्या दोन्ही भिंती समांतर असतात. तिची रुंदी पेशीच्या साधारण निम्मी आणि लांबी तीन-चार पट असते. ट्रॉपिकॅलिसच्या कोंबाला पेशीला जोडलेल्या जागी आवळल्यासारखी खाच असते आणि तो रुंदही असतो. शंका आली तर स्लाइड हलवून कडेवर आडवी पडलेली पेशी शोधावी. एकावर एक चढलेल्या पेशींमध्ये खाच झाकली जाते आणि निकाल भलताच निघतो.

याच कारणासाठी दर वेळी दोन कंट्रोल लावण्याचा आग्रह धरायला हवा: एक माहीत असलेली अल्बिकन्स, एक माहीत असलेली ट्रॉपिकॅलिस. अल्बिकन्सने नळ्या काढल्या नाहीत, तर सीरम किंवा तापमान बिघडलं आहे. ट्रॉपिकॅलिसच्या ट्यूबमध्ये कोंब दिसू लागले, तर वेळ टळून गेली आहे. नमुन्याच्या ट्यूबवरून एवढं कधीच कळलं नसतं.

सीरमबद्दल एक इशारा. रुग्णांच्या उरलेल्या सीरमच्या ट्यूबमधून घेतलेलं सीरम वापरण्याची सवय अजून दिसते. त्यात हिपॅटायटीस किंवा एचआयव्हीचा धोका असतो, शिवाय रुग्ण बुरशीवरची औषधं घेत असेल तर चाचणीही बिघडते. गाय-मेंढीचं तयार सीरम घेऊन त्याच्या अर्ध्या-अर्ध्या मिलीच्या ट्यूब भरून फ्रीझरमध्ये ठेवणं अधिक सुरक्षित आहे. दर खेपेला एक ट्यूब काढायची. उरलेलं पुन्हा गोठवायचं नाही.

उदाहरणातल्या हिरव्या कॉलनीने गुरुवारी दुपारी सुरेख जर्म ट्यूब काढल्या, निळी निगेटिव्ह राहिली. पण निगेटिव्ह म्हणजे अल्बिकन्स नाहीच, असं नव्हे. अल्बिकन्सचे साधारण 5 टक्के स्ट्रेन नळ्या काढत नाहीत. उलट डब्लिनिएन्सिस ही वेगळी जात नळ्या काढते. म्हणजे या चाचणीचं उत्तर दोन्ही बाजूंनी थोडं अपुरं असतं आणि ते पुरं करायला कॉर्नमील अगार लागतो.

मक्याच्या पिठाचा हा अगार लॅबमध्येही बनवता येतो. लिटरभर पाण्यात 40 ग्रॅम मक्याचं पीठ 60 ते 65 अंशांवर तासभर ठेवून गाळून घ्यायचं, त्यात 20 ग्रॅम अगार आणि 10 मिली ट्वीन 80 घालून ऑटोक्लेव्ह करायचं. या माध्यमात खाद्य कमी असतं, हाच त्याचा गुण आहे. भरपूर साखर मिळाली की यीस्ट नुसत्या कळ्या फोडत राहतं. उपासमार झाली, वर कव्हरस्लिप ठेवून हवाही तोडली, की ते आपापल्या जातीप्रमाणे धागे काढतं. ट्वीन 80 विसरलं, तर धागे आणि क्लॅमिडोस्पोर दोन्ही कमी येतात.

डाल्माऊ पद्धतीने प्लेट लावतात. ताज्या कॉलनीला सुईचं टोक टेकवून अगारमध्ये तिरकस, हलक्या कापासारख्या दोन-तीन समांतर रेघा ओढाव्यात, साधारण सेंटिमीटरभर अंतराने. त्यावर निर्जंतुक कव्हरस्लिप अशी ठेवावी, की रेघांचा मधला भाग झाकला जाईल. इथेही गठ्ठा उचलला तर खाली नुसता लगदा होतो आणि रचना दिसत नाही.

मराठवाड्यात या चाचणीची खरी कसोटी तापमानावर लागते. प्लेट सुमारे 25 अंशांवर ठेवायची असते. पुस्तकांत त्याला ‘खोलीचं तापमान’ म्हटलेलं असतं आणि तिथेच फसगत होते. हिंगोली-नांदेडकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो. त्या दिवसांत टेबलावर ठेवलेल्या प्लेटवर अल्बिकन्स आपले क्लॅमिडोस्पोर करतच नाही आणि टेक्निशियन ‘क्लॅमिडोस्पोर नाहीत’ असं लिहून मोकळा होतो. थंड करणारा बीओडी इनक्युबेटर नसेल, तर वातानुकूलित खोलीत थर्मामीटर शेजारी ठेवून प्लेट ठेवावी आणि तापमान वहीत नोंदवावं. उन्हाळ्यात आलेल्या निगेटिव्ह निकालावर अशी नोंद नसताना विश्वास ठेवू नये. जर्म ट्यूबला 37 अंश हवेत आणि कॉर्नमीलला 25, हा फरक लॅबमधल्या प्रत्येकाच्या तोंडपाठ असायला हवा.

दोन ते तीन दिवसांनी प्लेटचं झाकण काढून ती तशीच मायक्रोस्कोपखाली ठेवतात आणि कव्हरस्लिपच्या कडेजवळचा भाग 10च्या ऑब्जेक्टिव्हने पाहतात. उदाहरणातल्या हिरव्या कॉलनीच्या प्लेटवर लांब धागे दिसतात. धाग्यांच्या सांध्यांवर गोल कळ्यांचे दाट, द्राक्षांच्या घोसासारखे पुंजके आहेत. काही धाग्यांच्या टोकाला एकेक मोठी, गोल, जाड भिंतीची, चमकणारी पेशी आहे. हाच क्लॅमिडोस्पोर. तो दिसला, की अल्बिकन्सवर शिक्कामोर्तब करायला हरकत नाही. डब्लिनिएन्सिसमध्ये हे क्लॅमिडोस्पोर पुष्कळ आणि जोडीने किंवा तिघांच्या गटाने येतात. तशी शंका आली तर 45 अंशांवर एक प्लेट लावावी. तिथे अल्बिकन्स वाढते, डब्लिनिएन्सिस वाढत नाही.

निळ्या कॉलनीच्या प्लेटवर धागे भरपूर आणि लांब आहेत, पण कळ्या पुंजक्यांऐवजी धाग्याच्या सबंध लांबीवर एकेकट्या किंवा दोन-तीन अशा विखुरलेल्या आहेत. टोकाला क्लॅमिडोस्पोर नाहीत. निळा रंग, निगेटिव्ह जर्म ट्यूब आणि ही रचना मिळून ट्रॉपिकॅलिसचं चित्र पूर्ण होतं.

बाकीच्या जातींमध्ये ग्लॅब्राटा सर्वांत साधी दिसते: लहान अंडाकृती पेशी, धागा एकही नाही. क्रुसेईच्या लांबट पेशी समांतर किंवा आडव्यातिडव्या पडलेल्या असतात. पॅराप्सिलोसिसचे धागे बारीक आणि वळणदार असून मध्येच एखादी मोठी, वाकडी पेशी आढळते. धागे तुटून चौकोनी तुकडे झालेले दिसले, तर ते कँडिडा नसून ट्रायकोस्पोरॉन किंवा जिओट्रायकम असण्याची शक्यता मोठी. मेंदूच्या पाण्याच्या नमुन्यात यीस्ट निघालं असेल, तर कॉर्नमीलची वाट न पाहता आधी इंडिया इंकने क्रिप्टोकोकसची कॅप्सूल शोधावी.

एका बाबतीत मात्र या तिन्ही चाचण्या एकत्र येऊनही फसवतात. कँडिडा ऑरिस 2009 साली जपानमध्ये एका वृद्धेच्या कानातून पहिल्यांदा वेगळी केली गेली. 2013 साली दिल्लीतल्या दोन रुग्णालयांतल्या 12 रुग्णांत ती आढळल्याचा अहवाल आला आणि 2017 साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने रुग्णालयांना तिच्याबद्दल सूचना दिल्या. नेहमीच्या क्रोमोजेनिक अगारवर ती पांढरट ते गुलाबी दिसते, जर्म ट्यूब निगेटिव्ह असते, कॉर्नमीलवर बहुतेक वेळा धागे नसतात. थोडक्यात, ती हुबेहूब ग्लॅब्राटाचा आव आणते. काही स्वयंचलित यंत्रांनीही तिला हिम्युलोनी असं चुकीचं नाव दिलं आहे. अनेक औषधांना ती दाद देत नाही आणि रुग्णालयात पलंगाच्या कठड्यावरून, हातांवरून एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे पसरते. त्यामुळे ग्लॅब्राटाची नुसती शक्यता आणि ऑरिसची शक्यता यांत फरक करणं लॅबचं काम आहे.

आपल्या उदाहरणातल्या बाईंच्या रिपोर्टवर बुधवारी प्राथमिक निकाल जायला हवा: ‘दोन प्रकारचं यीस्ट, बहुधा कँडिडा अल्बिकन्स आणि कँडिडा ट्रॉपिकॅलिस, खात्री होत आहे.’ शनिवार-रविवारी, कॉर्नमील वाचून झाल्यावर, अंतिम निकाल. त्याच्या तळाशी एक ओळ असावी, की नळी लावलेल्या रुग्णाच्या लघवीत यीस्ट सापडणं म्हणजे संसर्गच असं नाही, नळी काढून किंवा बदलून ताजा नमुना पाठवावा. लक्षणं नसलेल्या बहुसंख्य रुग्णांना अशा वेळी बुरशीवरच्या औषधाची गरजच नसते आणि या बाईंच्या तापाचं कारण दुसरीकडेही असू शकतं. रक्ताच्या कल्चरमध्ये यीस्ट दिसलं, तर मात्र जात कळण्याची वाट न पाहता ग्रॅम स्टेनचा निकाल त्याच क्षणी डॉक्टरांना फोनवर सांगायचा असतो.

पांढरी किंवा गुलाबी कॉलनी, जर्म ट्यूब निगेटिव्ह, कॉर्नमीलवर धागे नाहीत आणि रुग्ण बराच काळ रुग्णालयात आहे, असं एकत्र आलं, तर रिपोर्टवर ‘अल्बिकन्सेतर कँडिडा, ऑरिसची शक्यता नाकारता येत नाही’ असं लिहावं, वॉर्डाला संसर्ग रोखण्यासाठी कळवावं आणि शुद्ध वाढ मॅल्डी-टॉफ असलेल्या केंद्राकडे पाठवावी. त्यासाठी प्लेट पाठवू नये. सॅबुरो अगारच्या तिरप्या, घट्ट फिरकीच्या झाकणाच्या ट्यूबवर वाढवलेलं कल्चर, नमुना घेतल्याची तारीख, नमुन्याचा प्रकार आणि तिन्ही चाचण्यांचे वाचलेले निकाल लिहून, तिहेरी वेष्टनात पाठवावं.